महिन्याचा नव्हे, तासाचा भाव काढा : इंदूरमध्ये घरून काम शोधताना

सुदामानगरात आमच्या मागच्या गल्लीत एक वहिनी राहतात. बी. कॉम., वय एक्केचाळीस. लग्नानंतर पाच वर्षं एका सीएच्या ऑफिसात टॅलीवर बसल्या, 2013 साली धाकट्याच्या वेळी सोडलं ते सोडलंच. धाकटा सातवीत गेल्यावर त्यांनी ठरवलं, सकाळी अकरा ते दुपारी तीन हे चार तास आपले. हळदीकुंकवाला आल्या तेव्हा त्यांच्याकडे तीन कामांची बोलणी होती आणि तिन्ही ठिकाणी आकडा महिन्याचा सांगितला होता. कुठलं घेऊ, असा त्यांचा प्रश्न होता.

मी स्वतः गेली काही वर्षं घरून दुकानांचे हिशेब लिहिते. सुरुवातीला मीही महिन्याच्या आकड्याला भुलले होते, म्हणून आता कुणीही विचारलं तर आधी वही काढायला लावते. कामाचा महिन्याचा आकडा तुम्हाला काहीच सांगत नाही. त्याचा तासाचा भाव काढला की खोटं काम उघडं पडतं, आणि खऱ्या कामात आपण कुठे लुबाडले जातोय तेही दिसतं. वहिनींची तिन्ही कामं त्याच क्रमाने सांगते.

आधी तळ ठरवा

तुलना करायला खालचा एक आकडा हवा. मध्यप्रदेशात किमान वेतनाचे दर श्रमायुक्त जाहीर करतात, आणि हे राज्याचं कार्यालय भोपाळला नसून आपल्या इंदुरातच आहे. एप्रिल 2024 पासून लागू केलेल्या दरांत अकुशल कामगाराला महिन्याला 11,800 रुपये आणि कुशल कामगाराला 14,519 रुपये असे आकडे होते. मध्यंतरी ते कोर्टात अडकले, मग सुटले. महागाई भत्त्यामुळे ते दर एप्रिल आणि ऑक्टोबरला हलतात आणि काही उद्योगांचे दर वेगळे असतात, म्हणून ताजा कागद पाहून घ्या. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

महिन्याचे कामाचे दिवस 26, दिवसाचे तास 8, म्हणजे 208 तास. 11,800 ला 208 ने भागलं की तासाला साधारण 57 रुपये येतात. 14,519 ला भागलं की 70. हा झाला तळ. ज्या कामाला काही शिकावं लागत नाही त्याचा भाव 57 च्या खाली नको, आणि ज्याला हात बसवावा लागतो त्याचा 70 च्या खाली नको.

या आकड्यावरून ठेकेदाराशी कायद्याचं भांडण मांडता येईल असं समजू नका. घरी बसून नगावर काम करणाऱ्या बाईचा मालक कोण, हे सिद्ध करण्यातच दमछाक होते. कागद नाही, हजेरी नाही, आणि माल देणारा म्हणतो की मी पण पुढच्याकडूनच आणतो. मी हा आकडा फक्त स्वतःसाठी वापरते. याच्या खालचं काम घ्यायचंच असेल तर निदान आपण काय करतोय ते माहीत असावं.

पहिलं काम : 18,000 रुपये, घरबसल्या टायपिंग

वहिनींना हे सगळ्यात आवडलं होतं. मोबाइलवर मेसेज आला होता, मग एका मुलीचा गोड आवाजात फोन. दहा दिवसांत 500 पानं टाइप करायची, 18,000 रुपये मिळतील. नोंदणीचे 2,500 रुपये, तेही ‘परत मिळणारे’. सोबत चार पानांचा करार, त्यावर सही करून आधारची फोटोकॉपी पाठवायची.

भाव काढून बघा. पान टाइप करून तपासायला वीस मिनिटं धरली तर 500 पानांना 167 तास लागतात, म्हणजे तासाला 108 रुपये. दहा दिवसांत 167 तास म्हणजे रोज जवळजवळ सतरा तास. हे काम कुणालाच वेळेत करता येणार नाही आणि ते मुद्दामच तसं ठेवलेलं असतं. करारात खाली बारीक अक्षरात 98 टक्के अचूकता हवी, वेळेत न दिल्यास भरपाई द्यावी लागेल असं लिहिलेलं असतं. तुम्ही काम पाठवता, ते ‘चुका निघाल्या’ म्हणून नापास होतं, आणि आठवड्याने वकिलाच्या नावाने नोटीस येते की करार मोडल्याबद्दल एवढे हजार भरा नाहीतर केस. 2,500 रुपये ही नुसती चव घेण्यापुरती रक्कम असते. खरी कमाई त्या भीतीवर असते, कारण घरातल्या बाईला नवऱ्याला आणि सासऱ्यांना कळू द्यायचं नसतं आणि ती गुपचूप पैसे भरून टाकते.

कुणी यात अडकलं असेल तर एक रुपयाही आणखी देऊ नका. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. मेसेज, करार, पैसे भरल्याची पावती असं सगळं जपून ठेवा, 1930 वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाका. पैसे नुकतेच गेले असतील तर 1930 ला तासाभरात फोन करणं महत्त्वाचं, कारण रक्कम पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तरच काही हाती लागतं. आणि घरात सांगून टाका. एकदा सांगितलं की त्यांच्या हातातलं हत्यारच जातं.

याच जातीची आणखी दोन रूपं आपल्याकडे फिरतात. एकात हॉटेलांना किंवा व्हिडिओंना चांगले शेरे द्यायचे असतात. पहिल्या दिवशी खरोखर दीड-दोनशे रुपये खात्यात येतात, मग ‘मोठ्या टास्क’साठी आपले पैसे भरायला लावतात. दुसऱ्यात नामांकित कंपनीच्या पेन्सिली घरी पॅक करायच्या असतात आणि माल येण्याआधी ओळखपत्र, कुरिअर, जीएसटी असे एकेक पैसे मागतात. विचार करा, ज्या कारखान्यात पेन्सिल मशीनवर बनते तिथे ती डबीत भरायला सुदामानगरात कशाला पाठवतील?

मला याहूनही जास्त भीती वाटते ती पैसे न मागणाऱ्यांची. ‘भाभीजी, फक्त तुमचं बँक खातं वापरू द्या, जे पैसे येतील ते पुढे पाठवा, दोन टक्के तुमचे.’ किंवा ‘तुमच्या पॅन-आधारवर एक फर्म काढू, तुम्ही फक्त सही करा, महिन्याला पाच हजार.’ पहिल्या प्रकारात दुसऱ्या कुणाला फसवून आणलेला पैसा तुमच्या खात्यातून वाहतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. दुसऱ्यात तुमच्या नावावर जीएसटी नंबर काढून खोटी बिलं फाडली जातात आणि कराची मागणी तुमच्या नावावर निघते. इथे तासाचा भाव काढला तर तो हजारांत येतो, कारण काम काहीच नसतं. भाव इतका वर गेला की समजायचं, ते तुमचा वेळ नाही, तुमचं नाव विकत घेतायत.

दुसरं काम : कुर्त्यांची तुरपाई, नगाला 4 रुपये

हे काम खरं होतं. परदेशीपुऱ्याच्या रेडीमेड गारमेंट कॉम्प्लेक्सकडून एक ठेकेदार माल आणतो आणि आसपासच्या बायकांना वाटतो. कुर्तीचा घेर हाताने तुरपायचा, पाच बटणं लावायची, धागे कापायचे. ठेकेदार म्हणाला, ‘दीदी, आरामसे रोज के साठ पीस हो जाते हैं, महीने के छह हज़ार से ऊपर.’

अशा ठेकेदाराकडे जीएसटी नंबर नसणं ही संशयाची गोष्ट नाही, छोट्या उलाढालीवर तो लागतही नाही. इथे खरेपणा तपासायची रीत वेगळी आहे. त्याचा माल घेणाऱ्या दोन बायकांना भेटा आणि एवढंच विचारा की गेल्या दोन महिन्यांचे पैसे कधी मिळाले, किती कापले, कशासाठी कापले. ‘मिळतात हो’ हे उत्तर नाही. तारीख आणि रक्कम हे उत्तर आहे. वहिनींनी विचारलं तेव्हा कळलं की पैसे पंधरा दिवसांनी मिळतात आणि डाग पडलेल्या नगाची पूर्ण मजुरी कापतात. डाग कारखान्यातूनच आला असला तरी. म्हणून गठ्ठा घेताना त्याच्यासमोर नग मोजायचे, उलगडून बघायचे आणि वहीत लिहून त्याची सही घ्यायची. पहिला गठ्ठा वीस नगांचा घ्यायचा, साठचा नाही.

मग घड्याळ लावायचं. इथे बहुतेक जणी एक चूक करतात. पहिला एक नग मन लावून पटकन करतात, पाच मिनिटं लागली की त्याच्यावरून दिवसाचा हिशेब बांधतात. दहाव्या नगानंतर मान भरून येते, सुईत दोरा ओवायला उठावं लागतं, कुकरची शिट्टी होते. वीस नग सलग धरा, उठणं-बसणं त्यातच मोजा. वहिनींना वीस कुर्त्यांना दोन तास वीस मिनिटं लागली, म्हणजे नगाला सात मिनिटं.

साठ नगांचा गठ्ठा म्हणजे सात तास. त्यात माल आणायला आणि पोचवायला जाणं-येणं पन्नास मिनिटं, तिथे मोजणीत आणि वाट पाहण्यात वीस. एकूण आठ तास दहा मिनिटं. मजुरी 240 रुपये. ई-रिक्षाचे 40 गेले, दोरा आपला, त्याचे 20 गेले, उरले 180. तासाला 22 रुपये पडले.

ठेकेदाराचं नेहमीचं उत्तर असतं की ‘हाथ बैठ जाएगा’. तेही तपासून बघू. हात बसला, नगाला पाच मिनिटं लागू लागली, तर साठ नगांना पाच तास आणि वरची सत्तर मिनिटं तशीच. 180 रुपये सहा तास दहा मिनिटांत, म्हणजे तासाला 29. सवयीने भाव वाढतो खरा, पण तळाच्या निम्म्यावरच येऊन थांबतो. बाईच्या वेगात दोष नाही, दरच कमी आहे.

आता उलटा हिशेब करा, म्हणजे मागायचा आकडा कळतो. आठ तास दहा मिनिटांना 57 च्या भावाने 466 रुपये, त्यात रिक्षा आणि दोऱ्याचे 60 घातले की 526. भागिले साठ, म्हणजे नगाला पावणेनऊ रुपये. चारवर असलेला माणूस पावणेनऊ देणार नाही हे उघड आहे. पण त्याने माल घरी पोचवला-नेला आणि दोरा दिला, तर फक्त शिवणकामाचे सात तास उरतात आणि नगाला 6 रुपये 65 पैशात 57 चा भाव पडतो. म्हणजे ठेकेदाराला एक स्कूटरची फेरी पडते, तुमचे दोन रुपये दहा पैसे नगामागे वाचतात. गल्लीत पाच जणी माल घेत असतील तर ही फेरी त्यालाही परवडते, म्हणून हे बोलणं पाच जणींनी मिळून करायचं. एकटीने करायचं नाही, तो दुसरीकडे जातो.

वहिनींच्या गल्लीत दोघीच निघाल्या आणि ठेकेदार साडेचारवर अडला. वहिनींनी सोडून दिलं. त्या दोघींपैकी एक अजून करते, तिच्या घरी दुसरा मार्ग नाही आणि मी तिला शहाणपण शिकवायला गेले नाही. फक्त बटणांचं आणि तुरपाईचं वेगळं मोजून बघ म्हटलं. तिच्या लक्षात आलं की बटणांत वेळ जातो, तुरपाईत नाही. आता ती नुसत्या तुरपाईचा माल मागून घेते.

तिसरं काम : सियागंजच्या दुकानाचे हिशेब, महिना 4,000

हे वहिनींना सगळ्यात कमी वाटत होतं. काम जुन्या सीएकडून आलं होतं, आणि घरून होणारं हिशेबाचं काम मुख्यतः तिथूनच येतं. तुम्ही पूर्वी कुठे काम केलं असेल तर पहिला फोन तिथे करा, संकोच बाजूला ठेवून. सीएच्या ऑफिसात दोन हंगाम माणसं कमी पडतात, एक जुलै ते सप्टेंबर रिटर्न आणि ऑडिटचा, दुसरा मार्चअखेरीचा. जूनमध्ये किंवा फेब्रुवारीत विचारलं तर तुमचं नाव लक्षात राहतं. दिवाळीच्या आठवड्यात विचारलं तर नाही.

फोन करण्याआधी मात्र हात घासूनपुसून घ्यावा लागतो. वहिनींनी सोडलं तेव्हा व्हॅट होता. जीएसटी आला 1 जुलै 2017 ला. टॅलीचं रूपही बदललं, आता टॅलीप्राइम आहे. त्याची शैक्षणिक आवृत्ती फुकट मिळते. तिच्यात महिन्याच्या फक्त 1, 2 आणि 31 तारखेच्या नोंदी करता येतात, पण सरावाला तेवढं पुरतं. वहिनींनी घरच्या किराण्याची, दुधाची, विजेची बिलं घेऊन तीन आठवडे त्यात खोट्या दुकानाचे हिशेब लिहिले. ‘नोकरीची हमी’ देणारा वीस हजारांचा कोर्स त्यांना एकाने सुचवला होता. हमीचा कागद मागितल्यावर तो हमीवरून ‘मदती’वर आला.

दुकान खरं आहे का, हे सीएकडून आलं तरी बघून घ्यावं. gst.gov.in वर जाऊन दुकानाच्या पाटीवरचा पंधरा अक्षरी नंबर टाकला की नाव, पत्ता, नंबर चालू आहे की रद्द, आणि गेल्या महिन्यांची रिटर्नं भरलीत का, हे सगळं दिसतं. मध्यप्रदेशातल्या नंबरची सुरुवात 23 ने होते. फसवणारे दुसऱ्याच्या खऱ्या दुकानाचा नंबर देतात, म्हणून पत्ता जुळवा आणि दिवसाढवळ्या दुकानावर जाऊन या. रिटर्नं सहा-सहा महिने थकलेली दिसली तर काम घेऊ नका. जो सरकारचं थकवतो तो तुमचंही थकवील.

आता भाव. सेठ म्हणाले, ‘रोज का एक घंटा, बस.’ सव्वीस दिवसांचे 26 तास, म्हणजे तासाला 154. ऐकायला छान. पण दुकानदाराला हिशेबाचा वेळ माहीत नसतो, त्याला फक्त नोंदींची संख्या माहीत असते. तीच विचारायची. गेल्या महिन्याची फाइल बघायला मागा आणि मोजा. इथे खरेदीची बिलं 60, बँकेच्या नोंदी 120, किरकोळ खर्च 40, अशा 220 नोंदी हाताने करायच्या होत्या. विक्रीची बिलं दुकानाच्याच संगणकावर फाडली जात होती.

पहिल्या महिन्यात वहिनींनी वेळ लिहून ठेवला. नोंदी करायला 11 तास. बँकेशी ताळा जमवायला 6. दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर खरेदीची यादी तयार होते, ती आपल्या बिलांशी जुळवायला 8. हरवलेली बिलं आणि ‘हा पैसा कुणाचा’ याच्या फोनाफोनीत 9. आपल्याच चुका दुरुस्त करायला 7. दुकानाच्या फेऱ्या 5. एकूण 46 तास, म्हणजे तासाला 87.

तिसऱ्या महिन्यात तेच काम 34 तासांत झालं. नोंदींचा वेळ 7 वर आला, ताळ्याचा 4 वर, जुळवणीचा 6 वर, चुकांचा 3 वर. फेऱ्या 5 च राहिल्या. हरवलेल्या बिलांचा वेळ मात्र 9 चा 9 च राहिला. तो तुमच्या हातात नसतोच, तो सेठच्या गल्ल्याखालच्या डब्यात असतो. म्हणून बोलणी करताना भाव वाढवून मागण्याआधी ही एक अट घाला की सगळी बिलं दर शनिवारी मोबाइलवर फोटो काढून पाठवायची. फुकटात तीन-चार तास वाचतात.

34 तासांना 4,000 म्हणजे तासाला 118. हे योग्य आहे का? इथे किमान वेतनाचा तळ कामाचा नाही. हिशेबनिसाची तुलना हिशेबनिसाशी करायची. वहिनींनी तीन ओळखीच्या ठिकाणी विचारलं, पूर्ण वेळ बसणाऱ्या मुनीमजींना किती देता? मधला आकडा आला 18,000, रोज नऊ तास, 26 दिवस. 234 तासांना 18,000 म्हणजे तासाला 77. पण पक्क्या नोकरीत, जिथे नियम लागू असतात तिथे, मालकाला पीएफचे 12 टक्के, बोनसचे किमान 8.33 टक्के आणि भरपगारी सुट्या वरून द्याव्या लागतात. घरून काम करणारीला यातलं काही नाही. हे सगळं मिळून साधारण तीस टक्के धरले की 77 चे 100 होतात. वर आपला लॅपटॉप आणि इंटरनेट. लॅपटॉप 36,000 चा, चार वर्षं चालला तर महिन्याला 750, नेटचा कामापुरता भाग 250. महिन्याच्या नव्वदेक तासांवर वाटले की तासाला 11. असा योग्य भाव आला साधारण 110.

म्हणजे वहिनींना जे काम सर्वात हलकं वाटत होतं तेच बरोबर भावाचं निघालं. पहिल्या महिन्यातला 87 हा सेठचा दोष नव्हता, हात गंजला होता त्याची किंमत होती. ती आपण सोसायची. पण दोन महिने, वर्षभर नाही.

काम वाढतं तेव्हा

चौथ्या महिन्यापासून खरी गंमत सुरू झाली. सेठ म्हणाले, रिटर्नही तुम्हीच भरून टाका. मग त्यांच्या बायकोच्या नावाच्या दुसऱ्या फर्मची ‘चार बिलं’ आली. मग उधारीवाल्यांना फोन करायचं काम. प्रत्येक वेळी ‘घर का ही काम समझो, भाभीजी’. वहिनींच्या वहीत तास 52 झाले आणि 4,000 तेवढेच राहिले. भाव घसरून 77 वर.

घरून काम करताना फसवणूक अशी हळूहळू होते, म्हणून सुरुवातीलाच एक पानभर लिहून ठेवावं. वकिली भाषा नको, मोबाइलवरचा मेसेज पुरे, समोरच्याने त्यावर ‘ठीक है’ लिहिलं म्हणजे झालं. त्यात काय काम धरलंय, महिन्याला साधारण किती नोंदी, त्यावर गेल्यास काय, आणि पैसे कोणत्या तारखेला, एवढं असावं. जीएसटीचं काम असेल तर आणखी एक ओळ लागते. विक्रीचं रिटर्न महिन्याच्या 11 तारखेला आणि कराचं 20 तारखेला भरायचं असतं, उशीर झाला की कराच्या रिटर्नला दिवसाला 50 रुपये लागतात. बिलं 5 तारखेपर्यंत आली नाहीत तर उशिराचा भुर्दंड दुकानाचा, हे लिहून घ्या. नाहीतर तो तुमच्या पैशातून कापला जातो. माझ्या कापला गेलाय, पहिल्याच वर्षी, दोन वेळा.

पोर्टलवरचा मोबाइल नंबर सेठचाच राहू द्या, ओटीपी त्यांनीच सांगायचा. सोय म्हणून आपला नंबर दिला की उद्या प्रत्येक सूचनेला उत्तर देणारे आपणच होतो. टॅलीचा परवानाही दुकानाचाच हवा. ‘माझ्या भाच्याकडे चोरीची कॉपी आहे’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा, एके दिवशी सगळा डेटा उडतो आणि बोट तुमच्याकडे दाखवलं जातं.

वहिनींनी चार महिन्यांची वही घेऊन दुकान गाठलं. भाव वाढवा म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, भाव तोच आहे, काम दीडपट झालंय, 52 तासांचे 110 ने 5,720 होतात, मी 5,750 धरते. नाहीतर दुसऱ्या फर्मचं आणि उधारीच्या फोनांचं काम परत घ्या, चार हजार तसेच राहू द्या. सेठने उधारीचे फोन परत घेतले आणि 5,000 ठरले. फोनांचे सात तास कमी झाल्यावर 45 तासांना 5,000 म्हणजे 111.

पैसे वेळेवर

उरला प्रश्न वसुलीचा. यावर बायकांना क्वचितच ठाऊक असलेला एक उपाय आहे. udyamregistration.gov.in वर आधार आणि पॅनवर उद्यम नोंदणी होते, फुकट, अर्ध्या तासात. कुणी त्याचे पैसे मागितले तर तो दलाल आहे. हिशेब लिहिण्याचं काम सेवा या सदरात बसतं आणि तुम्ही सूक्ष्म उद्योग ठरता. मग महिन्याला साधं बिल द्यायचं आणि त्यावर उद्यम नंबर लिहायचा. 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदतीत दिले नाहीत आणि वर्षअखेरपर्यंतही दिले नाहीत तर तो खर्च दुकानदाराला त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही. हा 45 दिवसांचा नियम लागू झाला तेव्हा कापड बाजारात त्याने एवढी खळबळ उडवली होती की इंदूरच्या व्यापाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. बिलावर नंबर दिसला की पुरतं.

तुरपाईच्या कामाला याचा उपयोग जवळजवळ नाही, कारण तो ठेकेदार बिलच घेत नाही. तिथे गठ्ठ्याचे पैसे आल्यावरच पुढचा गठ्ठा, एवढी एकच गोष्ट चालते. दोन गठ्ठ्यांचे थकू द्यायचे नाहीत.

वहिनींना आता दुसरं दुकान मिळालंय, जेल रोडवर. तिथले सेठ म्हणाले, रोज अर्धा तास. वहिनी म्हणाल्या, गेल्या महिन्याची फाइल दाखवा.